ओढा थांबला तेव्हा

सन दोन हजार पंचवीस, सप्टेंबर महिन्याची सोळा तारीख, मंगळवार. पावसाळा सरत आला होता आणि पितृपक्ष चालू होता. तीन दिवस संततधार कोसळून आदल्या रात्री पाऊस थांबला होता. पुसदला सकाळी स्वच्छ ऊन पडले, आणि त्या उन्हावर विश्वास ठेवून मी घराबाहेर पडले. माझी चूक ती तेवढीच. परंतु ती चूकच होती, हे मी प्रथम नमूद करते.

आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या पायी फिरणाऱ्या मंडळाची मी चिटणीस आहे. दसऱ्यानंतर मंडळाची सहल नायकदऱ्याच्या डोंगरावर न्यायची ठरली होती. चढण किती मिनिटांची, सावली कोठे, बसायला सपाट जागा कोठे, हे आधी स्वतः पाहिल्याशिवाय अठरा वृद्धांना डोंगरावर नेणे मला मान्य नव्हते. म्हणून पाहणीसाठी मी एकटी निघाले. माझे वय अडुसष्ट. मी जुनी मॅट्रिक, आणि माझी सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ओळीवर कोण बोलते आहे, किती दुरून बोलते आहे आणि मध्ये कोठे खरखर आहे, हे ओळखण्यात माझे आयुष्य गेले. डोळ्यांना आता चष्मा लागतो. कान मात्र अजून चोख आहेत. पुढे जे सांगणार आहे, त्यातील बरेचसे मी कानांनी अनुभवलेले आहे. ते ऐकताना हे ध्यानात असावे.

डोंगराच्या पायथ्याशी एक छोटा तांडा आहे. पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणाऱ्या लमाणांची ती वस्ती. आता ते लोक शेती करतात. त्यांच्या त्या वाहतुकीला ते लदेणी म्हणत. लदेणीची जुनी वाट तांड्यामागच्या ओढ्यावरून निघते आणि खिंडीतून वर पठारावर जाते. ओढ्यात एक डोह आहे. डोहापासून वीस पावलांवर, पुराच्या वर, दगडी ओटा. मी ओट्याजवळून सरळ पुढे निघाले, तेव्हा मागून हाक आली.

"ओ बाई! गोटा कोन ठेवीन?"

सुखीबाई नावाची, माझ्याच वयाची, करारी बाई. हाती विळा, खांद्यावर गवताचा भारा. तिने मला तिथला रिवाज सांगितला. वर जाणाऱ्याने डोहातला एक दगड उचलून ओट्यावर ठेवायचा. खाली आल्यावर ज्याचा त्यानेच तो उचलून परत डोहात टाकायचा. दुसऱ्याच्या दगडाला कोणी हात लावायचा नाही.

"असल्या समजुतींवर माझा विश्वास नाही," मी म्हणाले.

"इस्वास नोका ठेवू. गोटा ठेवा." तिने भारा खाली टाकला. "दिवेलागनीले आमी पाहतो. गोटा असन तं मानूस वरतं हाय. नसन तं उतरला. समजलं काय? तुमी शिकल्यासवरल्या दिसता."

हे हजेरीपत्रकच होते. त्यात नाव ठेवायला मला काही सापडले नाही. मी डोहातून पांढऱ्या गारेचा एक दगड निवडून आणला. ओट्यावर आधीच एक चपटा दगड होता, त्यावर काळ्या वंगणाचे बोट उमटलेले.

"तो मेस्तरीचा," सुखीबाई म्हणाली. "दिग्रसचा. वरल्या तांड्यात टॅक्टर बंद पडला, गाडीरस्ता वाहून गेला, म्हनून पायीच गेला. तुमी काहून एकल्या चालल्या पन? जमीन अजून प्यालेली हाय. दोन रोज थांबा."

"ऊन पडले आहे," मी म्हणाले.

तिने भारा पुन्हा खांद्यावर घेतला. मी वहीत लिहिले: सात वाजून चाळीस मिनिटे, ओट्यावर दगड दोन.

चढताना मी तीन गोष्टी पाहिल्या आणि तीनही वहीत उतरवल्या; अर्थ मात्र एकीचाही लावला नाही. पहिली, वाटेवरचा झरा गढूळ होता, चहाच्या रंगाचा, जरी पाऊस थांबून बारा तास होऊन गेले होते. दुसरी, एका ठिकाणी सागाची सात-आठ झाडे एकाच बाजूला कलली होती आणि त्यांच्या बुंध्यांपाशी माती फाटलेली होती. तिसरी, त्यांच्या वरच्या अंगाला वाटेवर आडवी भेग होती, माझी छत्री मुठीपर्यंत आत गेली एवढी खोल. या डोंगरात काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये लाल गेरूसारख्या मातीचा एक थर आहे. पाणी वरच्या थराच्या फटींतून मुरते आणि त्या लाल थरावर येऊन अडते. थर साबणासारखा होतो, आणि वरची सारी माती, झाडे, दगड त्यावर नुसती टेकलेली राहतात. पाऊस थांबला म्हणून मुरणे थांबत नाही. हे सारे मला पुढे समजले. त्या क्षणी मी त्या भेगेवरून साडी सावरून पाऊल टाकले, एवढेच.

दहा वाजता ढग खाली उतरले आणि डोंगर धुक्यात गेला. खिंडीच्या अलीकडे, घळीच्या काठाला, एक गृहस्थ खडकावर बसून पाव खात होते. चाळिशीचे, आखूड दाढी, खांद्यावर हत्यारांची पिशवी. मला पाहून ते उठून उभे राहिले.

"सलाम, मावशी. वाट चुकल्या का?"

"मी वाट चुकत नाही," मी म्हणाले. "आणि मी आपली मावशी नाही. कुमारी सुमती आर्णीकर."

"मी अफरोज. गेरबॉक्सचं काम करतो." त्यांनी हसू दाबले. "मंग बाई म्हनू?"

"बाई चालेल."

"पाव घ्या, बाई."

मी नकार दिला. माझ्याजवळ माझा डबा होता. ते पिशवी उचलून पुढे झाले आणि मी पंधरा पावले मागे राहिले, कारण अनोळखी पुरुषाच्या बरोबरीने चालणे मला प्रशस्त वाटले नाही. त्या पंधरा पावलांनी मला वाचवले.

दहा वाजून पन्नास मिनिटे झाली होती. प्रथम पक्षी गप्प झाले. मग वरून हरभऱ्याएवढे खडे टपटपत आले, जणू कोणी सूप पाखडत आहे. मी थांबले. खड्यांमागून एक आवाज आला, तो कानांनी ऐकावा असा नव्हता. तो तळपायांतून वर चढला. धुके क्षणभर फाटले, आणि मी सागाची झाडे चालत येताना पाहिली. पडत नव्हती ती. उभी होती, पाने हलत होती, आणि उभ्याउभ्या डोंगरावरून खाली चालली होती. त्यांच्या पायांखालची जमीन त्यांना घेऊन निघाली होती. एवढे भव्य काही मी आयुष्यात पाहिले नव्हते. भीती नंतर वाटली. प्रथम माझे हात, कोण जाणे कसे, जोडले गेले होते.

मी घळीबाहेरच्या दगडी सोंडेवर होते. माझ्यापुढची वाट पुसली गेली. ओली, कुबट, विहीर उपसताना येते तशी वासाची लाट अंगावरून गेली, आणि मग सगळे थांबले.

"बाई..."

आवाज उजवीकडून, खालून, तीस हातांवरून. मी धुक्यात त्या आवाजामागे गेले. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी छत्रीने जमीन चाचपत होते. अफरोज ढिगाऱ्याच्या अगदी कडेला, ओढ्याच्या पात्राशी उताणे पडले होते. डावा पाय गुडघ्याखाली एका काळ्या धोंड्याखाली गेला होता. धोंडा लहान कपाटाएवढा.

"मी खाली जाऊन लोक आणते," मी म्हणाले.

"कोन्त्या वाटेनं जासान?"

मी मागे पाहिले. ज्या वाटेने आम्ही चढलो होतो, ती कलत्या सागांसकट नाहीशी झाली होती. त्यांचा मोबाइल मातीत गेला होता. माझ्या मोबाइलवर रेंजची एकही काडी नव्हती.

"पायाची बोटे हलतात का?" मी विचारले.

"हलतात वाटते... दुखते बी. दुखते तोपर्यंत चांगलं हाय, बाई. ट्रकखाली दबलेले मानसं पाह्यले मी. लय वेळ दाबून राह्यला का पाय मरते. मग काढूनबी फायदा नाही." त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "दोन तास धरून चाला. तितक्यात काढाच लागन. जॅक कुठं हाय, माहीत हाय काय? वर, ट्रॅक्टरपाशी. कालच पाठवून देल्ला मी."

आणि ते हसले. त्यांच्या जागी मी असते तर हसू शकले नसते.

मग त्यांनी सांगितले आणि मी केले. ढिगाऱ्यात धावड्याच्या चिवट लाकडाचा एक सरळ वासा पडला होता, नऊ हात लांब. पिशवीतल्या टामीने, म्हणजे चाक खोलायच्या लोखंडी दांड्याने, मी धोंड्याच्या कडेखाली माती उकरली. पायाच्या बाजूने नव्हे, वरच्या बाजूने, कारण खालची माती काढली असती तर धोंडा आणखी बसला असता. वाशाचे टोक आत सरकवले. धोंड्यापासून एक हातावर चपटा, न डळमळणारा दगड टेकू म्हणून ठेवला.

"टेकू जितका गोट्याच्या जवळ, तितका जोर जादा," ते म्हणाले. "अन् एकदम उचलाचं नाही. बोटभर उचला. लगेच खाली चपटा गोटा सरकवा. सुटला तरी खाली नाही येनार मग. पुन्हा बोटभर. समजलं काय, बाई?"

"समजले. आपण शिक्षक व्हायला हवे होते."

"सातवी नापास हाव मी."

वजन टाकायचे मी आणि फटीत दगड सरकवायचे ते, पडल्यापडल्या, हात लांब करून. पहिल्या खेपेला धोंडा बोटभर उठला. दुसऱ्या खेपेला आणखी तेवढाच. चार बोटे लागणार होती. माझे तळवे सोलून निघाले. तिसऱ्या खेपेआधी वरून चिखलाचा एक लगदा घसरत आला आणि धोंड्याच्या पाठीवर बसला. आता वासा वाकत होता. धोंडा तसूभरही हलत नव्हता. मी वाशावर पोटाने आडवी झाले, जे मी कोणाच्याही समोर केले नसते. काही झाले नाही.

बारा वाजून वीस मिनिटे. मी श्वास घ्यायला थांबले, आणि माझ्या लक्षात आले की काहीतरी नाही.

"अफरोजभाई, बोलू नका. ऐका."

"काय? काईच ऐकू येऊन नाही राह्यलं."

"तेच. ओढा थांबला आहे."

आतापर्यंत तो आमच्या शेजारून मोठ्याने वाहत होता. इतका वेळ वाहत होता की तो ऐकू येणे बंद झाले होते. आता पात्रात नुसते ओले दगड होते आणि त्यांच्यामध्ये एक मासा तडफडत होता. पाऊस तीन दिवस झाला असताना ओढा आटत नाही. ओळ तुटली नव्हती. ती वर कोठेतरी अडली होती. वरून अजून घसरत असलेल्या दरडीने आता पात्रात बांध घातला होता, आणि त्या मातीच्या बांधामागे पाणी चढत होते. मातीचा बांध किती वेळ टिकतो ते मला ठाऊक नव्हते. तो टिकत नाही, एवढे ठाऊक होते.

मी हे त्यांना सांगितले. त्यांनी फटीपासचा हात मागे घेतला.

"तुमी जा, बाई," मग ते म्हणाले. "ते सोंड हाय ना, दगडी. तिच्यावर चढा. खाली नका जाऊ, पानी खालीच येईन. बाजूले जा अन् वर."

"आणि आपण?"

"पोरगी हाय मले. नाहिद नाव. दिग्रसले बसस्टँडमांगं घर..."

"निरोप मी पोहोचवणार नाही," मी म्हणाले. "आपण स्वतः सांगावे. हात फटीपाशी ठेवा."

मी वाशाच्या अगदी टोकाशी गेले. टोक माझ्या खांद्याच्या उंचीवर होते. मी त्याला दोन्ही हातांनी लोंबकळले, पाय जमिनीवरून उचलले. माझे वजन चव्वेचाळीस किलो. वासा करकरला आणि तसाच राहिला.

तेव्हा मला वास आला. भिजलेल्या गोणपाटाचा. आणि त्यात मिसळलेला बैलाच्या अंगाचा, गरम, गोड, गोठ्यातला वास. माझ्या मानेवर ऊब आली, कोणीतरी अगदी मागे येऊन उभे राहावे तशी. मी मागे पाहिले नाही. का नाही, ते मला सांगता येत नाही. वासा माझ्या हातांसकट खाली जाऊ लागला; हळूहळू, सरळ, धक्का न देता, जसा सवयीचा माणूस ओझे उतरवतो. तीन बोटे... चार...

"निघाला!" अफरोज ओरडले. "बाई, निघाला पाय!"

आणि धुक्यातून, डाव्या अंगाला, वरून, जाड पितळी घंटेचा एक ठोका पडला.

पुढच्या गोष्टी घाईत केल्या, तरी क्रमाने केल्या. नडगी मोडली होती, परंतु हाड बाहेर आले नव्हते. जखमेवर माझ्या रुमालाची घडी दाबून बांधली. पाय ओढून सरळ करण्याचा प्रयत्न केला नाही. एका बाजूला माझी मिटलेली छत्री, दुसऱ्या बाजूला सागाची फांदी, मध्ये माझ्या पदराच्या पट्ट्या. गुडघ्याच्या वर आणि घोट्याच्या खाली गाठी. बोटे मोकळी ठेवली. नख दाबून सोडले, तर रंग परत येत होता.

"साडी फाडली ना तुमची," ते म्हणाले.

"बोलू नका. सरका."

ते बसूनच, पाठीकडून वर, हातांनी आणि उजव्या पायाने सरकू लागले. मी मोडका पाय माझ्या पिशवीच्या पट्ट्यात अडकवून उचलून धरला. धुक्यात दोन हातांपलीकडचे दिसत नव्हते. सोंड कोणत्या बाजूला आहे हे मला आता सांगता येईना. माझ्या गळ्यात मंडळाची शिटी होती आणि मंडळाच्या पुस्तिकेतील नियम मला पाठ होता: संकटात एका मिनिटात सहा शिट्या वाजवाव्यात, मग एक मिनिट थांबावे. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन खुणांनी उत्तर द्यावे.

मी सहा वाजवल्या. थांबले.

घंटा वाजली. मी घड्याळ पाहिले. वीस सेकंद. पुन्हा ठोका. वीस सेकंद. पुन्हा. मग शांतता.

"कोन हाय?" अफरोज ओरडले. "ओ भाऊ! इकडं!"

उत्तर आले नाही. मी पुन्हा सहा वाजवल्या. पुन्हा तीन ठोके, तसेच मोजून. आवाज आमच्यापासून दूर जात नव्हता, जवळही येत नव्हता. आम्ही जितके सरकत होतो, तितकाच तो पुढे राहत होता. मी आयुष्यभर आवाजामागचे अंतर मोजले आहे. हे अंतर चाळीस हातांचे होते, आणि ते शेवटपर्यंत चाळीस हातांचेच राहिले. एकदा मला वाटले की डावीकडची चढण सोपी आहे. मी तिकडे वळले. घंटा लागोपाठ घाईने वाजू लागली, बैल दचकल्यावर वाजते तशी. मी छत्री चाचपली, मग आठवले की ती अफरोज यांच्या पायाला आहे. टामी पुढे टेकवली. ती कोठेच टेकली नाही. धुक्याखाली कडा होता.

दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही सोंडेवरच्या एका खडकाच्या पडवीखाली पोहोचलो, आणि तेव्हाच बांध फुटला. आधी वारा आला. मग ते आले. पाणी म्हणावे असे त्यात काही नव्हते. काळी, उभी, दगड दळत जाणारी एक भिंत घळीतून गेली, आणि तिच्या धक्क्याने धुके दोन बाजूंना सरून दरी तळापर्यंत दिसली. जेथे आम्ही दीड तासापूर्वी होतो, तेथला धोंडा, तो कपाटाएवढा धोंडा, चेंडूसारखा उडाला आणि दिसेनासा झाला. पुष्कळ वेळाने अफरोज हळूच काहीतरी पुटपुटले, प्रार्थनाच असावी. मीही मनातल्या मनात माझी म्हटली.

मग थंडी चढली. ते कुडकुडू लागले, नंतर कुडकुडणे थांबले, आणि ते अधिक वाईट असते हे मी वाचले होते. मी त्यांना सहलीत बसायला अंथरतो त्या मंडळाच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळले, खाली सागाची पाने घातली, आणि मग त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले. डब्यातला गूळ आणि शेंगदाणे निम्मे निम्मे केले. झोप लागू नये म्हणून मी त्यांना गिअरबॉक्स खोलण्याची कृती विचारली, आणि त्यांनी ती पहिल्या नटापासून सांगितली.

"बाई," मध्येच ते म्हणाले. "वाशावर तुमच्यासंगं कोन होतं?"

"आपण पाहिले?"

"पाय पाह्यले. तुमचे तं वर होते, लटकलेले. खाली आनखी दोन होते. अनवानी... पिंडऱ्यांपर्यंत चिखल."

मी त्यांना पुढचा नट विचारला.

रात्री आठ वाजून पन्नास मिनिटांनी माझ्या सहा शिट्यांना माणसाच्या आवाजात उत्तर आले. सुखीबाईने दिवेलागणीला ओटा पाहिला होता. तिचा दीर पूनमसिंग आणि तांड्यातले पाच जण दोर, बॅटऱ्या आणि एक खाट घेऊन सोंडेच्या बाजूने चढून आले होते. त्यांनी अफरोज यांना खाटेवर बांधले. पूनमसिंग मात्र बॅटरी फिरवत आमच्या मागे पाहत राहिला.

"तिसरा कुठं हाय?"

"आम्ही दोघेच आहोत," मी म्हणाले.

"ओट्यावर तीन गोटे हायेत, बाई."

ते मी रात्री स्वतः पाहिले. माझी पांढरी गार, अफरोज यांचा वंगणाचा डाग, आणि दोहोंमध्ये काळा, मुठीएवढा, डोहातलाच एक दगड. त्यावरून पाणी ओघळत होते. ओटा कोरडा होता.

दोन दिवस शोध चालला. ढिगारा उपसला, ओढा खालपर्यंत पाहिला. दोन्ही तांड्यांत, आसपासच्या गावांत कोणीही हरवलेले नव्हते. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी मला विचारले की तिसरी व्यक्ती होती का, होय किंवा नाही एवढेच सांगा. माझ्या उत्तरावर एक माणूस ढिगाऱ्याखाली सोडून द्यायचा किंवा दहा माणसांना त्या सैल डोंगरावर पुन्हा चढवायचे, हे ठरणार होते. मी सांगितले की, मदत करणारे कोणीतरी होते, ते आमच्यापेक्षा सुरक्षित जागी होते, आणि त्यांना मी पाहिलेले नाही. ते म्हणाले, हे उत्तर कागदावर बसत नाही. मी म्हणाले, मग कागद कोरा ठेवा. कागद तसाच, कोरा, माझ्यापाशी राहिला. तांड्यातल्या कोणीही घंटा वाजवली नव्हती. तांड्यात आता एकही लदेणीचा बैल नाही, आणि मिनिटाला तीन ठोक्यांचा नियम तेथे कोणाला माहीत नव्हता.

नडगीत सळई घालावी लागली, पाय वाचला. डॉक्टर म्हणाले की आणखी तास-दीड तासाने वेगळे बोलावे लागले असते.

रविवार, चौदा डिसेंबर. अफरोज काठी टेकत चालू लागले होते. त्यांची मुलगी नाहिद बरोबर आली होती. त्या रात्री अफरोज यांना दवाखान्यात न्यायच्या घाईत आमचे दगड ओट्यावरच राहिले होते, आणि नंतर माझा एकटीचा उचलणे मला पटले नव्हते. ते आम्हीच उचलायचे होते, आणि तोवर तांड्यातले कोणी वर जायला तयार नव्हते. तिन्ही दगड जसेच्या तसे होते. थंडीचे दिवस, ऊन लख्ख, आणि तरीही मधला काळा दगड ओला होता.

"हिसाब केला मी, बाई," अफरोज ओट्याशी हळूच म्हणाले. "गोटा साडेसहा क्विंटलचा. एक कड उचलाची म्हनजे सव्वातीन, वरून चिखल दीड. तुमचं वजन आठपट धरलं तरी साडेतीनावर नाही जात. बसतच नाही हिसाब."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. मीही तो केला होता.

"याचं काय करायचं?" मी सुखीबाईला काळा दगड दाखवून विचारले.

"तुमी तुमचा उचला. ज्याचा त्यो उचलन." ती ओट्यापासून एक पाऊल मागे झाली. "माही सासू सांगे, लदेणीचा नायक घाटातून सगळ्याच्या मांगून उतरे. समदे मोजून."

आम्ही आपापले दगड उचलले आणि वीस पावले चालून डोहाच्या काठी आलो. पाणी निश्चल होते, काचेसारखे. मागे वळून पाहू नका, असे कोणी सांगितले नव्हते. तरी कोणी वळले नाही. अफरोज यांनी दगड टाकला. मी माझा टाकला.

एक आवाज झाला. दुसरा झाला.

मग तिसरा झाला.

नाहिदने दचकून माझा हात धरला. अफरोज डोहाकडे पाहत होते. आमच्या दगडांची वर्तुळे एकमेकांत मिसळून काठाला लागली आणि विरली. तिसरे वर्तुळ मात्र पलीकडच्या काठापासून सुरू झाले होते, जेथे कोणीही उभे नव्हते, आणि ते सावकाश, एकसारखे, आमच्या पायांकडे येत होते.

"बाई," ते म्हणाले, "मोजले ना तुमी?"

मी मोजले होते.

ओट्याकडून सुखीबाईने हाक मारून सांगितले की ओटा रिकामा आहे. मी वहीत घालून आणलेला तो कोरा कागद काढला आणि तेथेच लिहिले: गेलेले तीन, उतरलेले तीन. खाली सही केली, वेळ घातली, अकरा वाजून पाच मिनिटे. लिहून होईपर्यंत ते वर्तुळ काठाला यायला हवे होते. ते माझ्या पायांपासून हातभर अंतरावर येऊन थांबले होते, माझी मोजणी पुरी होण्याची कोणी वाट पाहावी तसे.